मानपत्र फ्रेममध्ये जाण्याआधी: नाव, पदवी, तारीख आणि अक्षर कसे तपासावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वर्षभर कुठे ना कुठे सत्कार असतो. शाळेतून मुख्याध्यापक निवृत्त होतात, सुभेदार पेन्शन घेऊन गावी येतात, वाचनालयाच्या अध्यक्षांची पंचाहत्तरी असते. मानपत्र लिहिणारे लोक गावोगावी आहेत आणि ते चांगले लिहितात. तपासणी मात्र बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, प्रेसमध्ये उभ्याउभ्या होते. मग ज्या माणसाचा गौरव करायचा त्याचेच नाव चुकीचे छापले जाते आणि ती फ्रेम त्याच्या बैठकीत वर्षानुवर्षे लटकते. आलेला प्रत्येक पाहुणा ती वाचतो.

सीमाभागात ही तपासणी इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे, कारण इथल्या माणसाचे आयुष्य तीन भाषांच्या कागदांत विखुरलेले असते. शाळेचा दाखला मराठीत, सेवापुस्तिका कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आधार कार्ड कन्नड आणि इंग्रजीत. शिवाय त्याच्या हयातीत राज्याचे नाव, जिल्ह्याची हद्द आणि विद्यापीठ हे सगळे बदललेले असते. म्हणून इथे एका निवृत्त मुख्याध्यापकाच्या मानपत्राचा नमुना घेऊन तो ओळीओळीने तपासू. नाव फक्त उदाहरणापुरते आहे. कार्यक्रम रविवार, १ जून २०२५ चा धरू. पहिला मसुदा असा:

«आदर्श शिक्षक, प्राचार्य श्री. परशुराम गुरूजी यांचा जन्म १ जून १९५० रोजी बेळगावी जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात झाला. राणी चन्नम्मा विद्यापीठातून १९७२ साली बी. ए. होऊन ते जून १९७३ मध्ये कर्नाटक शासनाच्या सेवेत रुजू झाले. चाळीस वर्षांच्या प्रदीर्घ सेवेनंतर १ जून २००८ रोजी ते निवृत्त झाले. आज ते ७५ व्या वर्षात पदार्पण करीत आहेत. त्यांचे आर्शिवाद आम्हांस सदैव लाभोत.»

वाचताना गोड वाटतो. यात जवळजवळ प्रत्येक वाक्यात काहीतरी तपासण्यासारखे आहे.

आधी माहिती वेगळी काढा

मसुदा वाचत वाचत चुका शोधू नका. स्तुतीच्या ओघात डोळा पुढे पळतो. त्याऐवजी कोऱ्या कागदावर मसुद्यातली फक्त माहिती उतरवा: नाव, पद, जन्मतारीख, जन्मगाव, पदवी, विद्यापीठ, रुजू झाल्याचा महिना, सेवेची वर्षे, निवृत्तीची तारीख, पुरस्कार. प्रत्येक बाबीसमोर ती कुठल्या कागदावरून किंवा कोणाकडून आली ते लिहा. ज्या बाबीसमोर ‘सगळ्यांना माहीत आहे’ एवढेच लिहिता येते, तिथे लाल खूण करा. चुका बहुतेक तिथेच सापडतात.

हाच कागद घरी नेता येतो. मानपत्राचा मजकूर सत्कारमूर्तींना आधी दाखवायचा नसतो आणि तो दाखवूही नये. माहितीचा कागद दाखवायला मात्र काहीच हरकत नाही. ‘गुरुजी, एवढे बरोबर आहे का बघा’ म्हणून समोर ठेवावा आणि शेजारी त्यांच्या मुलाला किंवा सुनेला बसवावे. स्वतःबद्दल विचारले की जुनी माणसे संकोचाने ‘असू दे की’ म्हणतात. घरातली माणसे तसे म्हणत नाहीत.

नाव: सहीत असेल तसे

मसुद्यात ‘परशुराम’ आहे. दाखल्यावर, सेवापुस्तिकेवर आणि सहीत मात्र ‘परशराम’ आहे. लिहिणाऱ्याने शुद्ध करायला म्हणून उकार दिला. आपल्या भागात परशराम हे पूर्ण आणि स्वतंत्र नाव आहे, ते परशुरामाचे चुकलेले रूप नव्हे. तसेच यल्लाप्पा आणि यल्लप्पा, जोतिबा आणि ज्योतिबा. व्यक्तिनामाला शुद्धलेखनाचा नियम लावू नये. माणूस मराठीत सही कशी करतो ते बघायचे आणि अक्षर न अक्षर तसेच घ्यायचे. मराठीत सही नसेल तर त्यांच्याच हाताने कागदावर नाव लिहून घ्यायचे.

आधार कार्डावरून नाव उतरवणाऱ्यांनी जास्त सांभाळावे. इंग्रजी अक्षरांत काळे आणि काले, शेळके आणि शेलके एकसारखेच दिसतात, ट आणि त, ड आणि द यांचाही फरक उरत नाही. कन्नड ओळीत ळ आणि ल, ट आणि त वेगळे असतात, म्हणून कन्नड वाचता येत असेल तर ती ओळ जास्त उपयोगी. तरी तीही शेवटचा पुरावा मानू नये, कारण कार्डावरची कन्नड ओळ पुष्कळदा इंग्रजीवरून आपोआप उमटलेली असते आणि इंग्रजीतला गोंधळ तिच्यात उतरलेला असतो. शिवाय कन्नडमध्ये ‘मारुति’ ऱ्हस्व लिहितात, मराठीत आपण ‘मारुती’ लिहितो. कन्नड निमंत्रणपत्रिकेवरून मराठी पाटी केली की अशा वेलांट्या हमखास उलटतात.

गावाच्या नावाचीही हीच काळजी. येळ्ळूरमध्ये ळ दोनदा आहे. हिंडलगा, अनगोळ, बेळगुंदी, कंग्राळी ही नावे मराठी शाळेच्या फलकावरून घ्यावीत, नकाशावरच्या इंग्रजीवरून नव्हे. ‘कंग्राळी’ एवढेच लिहून भागत नाही, कारण कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत. पत्त्यात ‘बी. के.’ आणि ‘के. एच.’ असते. मानपत्रात ते बुद्रुक आणि खुर्द असे पूर्ण लिहावे. मंचावर वाचणाऱ्याने ‘बीके’ म्हटलेले कानाला फार खटकते.

नावापुढचे बिरूद

‘प्राचार्य’ हे महाविद्यालयाच्या प्रमुखाचे पद. आपले गुरुजी हायस्कूलचे मुख्याध्यापक होते, तेव्हा ‘निवृत्त मुख्याध्यापक’ असेच लिहायचे. मोठे पद दिले की मान वाढतो असे लिहिणाऱ्याला वाटते. समोर बसलेल्या सहकारी शिक्षकांना ते लगेच टोचते आणि गुरुजींनाही अवघडल्यासारखे होते.

‘आदर्श शिक्षक’ हे शब्द कौतुकाचे आहेत की पुरस्काराचे, हे विचारून घ्यावे. नावाआधी लिहिले की वाचणारा पुरस्कारच समजतो. पुरस्कार असेल तर कोणी दिला आणि कोणत्या साली, हे प्रशस्तिपत्राचा फोटो मागवून बघावे आणि त्याचे नाव पत्रावर आहे तसे घ्यावे. नसेल तर हे शब्द नावापुढून काढून कौतुकाच्या वाक्यात न्यावेत. पद्म पुरस्कारांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे की ते नावाच्या आधी किंवा नंतर पदवीसारखे लावायचे नाहीत. ‘पद्मश्रीने सन्मानित’ असे वाक्यात लिहावे.

पाहुण्यांची पदे तपासताना आपण कोणत्या राज्यात आहोत ते विसरू नये. कोल्हापूरच्या बाजूची मानपत्रे नमुन्याला घेतली की ‘सरपंच’ हा शब्द तसाच येतो. कर्नाटकात गावाचा प्रमुख ‘ग्रामपंचायत अध्यक्ष’ असतो. तिकडे जिल्हा परिषद, इकडे जिल्हा पंचायत. चंदगडहून पाहुणे येणार असतील तर एकाच मंचावर सरपंच आणि ग्रामपंचायत अध्यक्ष दोघेही असू शकतात आणि दोन्ही बरोबर असते. १९८७ नंतरच्या काही वर्षांत इथे मंडल पंचायती होत्या आणि त्यांच्या प्रमुखाला ‘प्रधान’ म्हणत. त्या काळातल्या माणसाला ‘माजी सरपंच’ लिहू नये. शाळेच्या समितीचा अध्यक्ष म्हणजे ‘एसडीएमसी अध्यक्ष’. ही पदे मधल्या काळात बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या पत्रिकेवरून न उतरवता त्या आठवड्यात फोन करून विचारावे.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने माजी सैनिकांचे सत्कार इथे नेहमीचे. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे तीन वेगळे हुद्दे आहेत आणि ‘मानद कॅप्टन’मधला ‘मानद’ गाळता येत नाही. कागद म्हणून डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा आदेश मागावा. गावात सगळ्यांना ‘सुभेदार साहेब’च म्हणतात, त्या हाकेवरून हुद्दा लिहू नये.

सर्वांत जास्त दुखावणारी चूक हयात माणसापुढे ‘कै.’ लागण्याची, किंवा गेलेल्या माणसापुढे ‘श्री.’ राहण्याची. आई-वडील, पत्नी, पूर्वीचे अध्यक्ष, देणगीदार अशा मानपत्रात येणाऱ्या प्रत्येक नावाबाबत हे थेट विचारावे आणि कार्यक्रमाच्या सकाळी पुन्हा एकदा. कोणता शब्द वापरायचा तेही घरच्यांनाच विचारावे. वारकरी घरात ‘वै.’ लावतात, लिंगायत घरात ‘लिंगैक्य’ म्हणतात, मुस्लिम घरात ‘मरहूम’. सरसकट ‘कै.’ बरे नव्हे. ‘गं. भा.’ आज अनेक बायकांना नको असते. ‘श्रीमती’ चालेल का, हे त्यांनाच विचारलेले चांगले.

तारखा: प्रत्येक तारीख दुसरीशी ताडून

१ जून ही जन्मतारीख दिसली की थांबावे. आपल्या भागातल्या जुन्या पिढीत ही तारीख फार आढळते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी जूनची पहिली तारीख लावून टाकली. घरी विचारल्यावर कळते की जन्मपत्रिकेत श्रावण, शके १८७१ आहे. शकात ७८ मिळवले की गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरचे इसवी साल मिळते, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. श्रावण पहिल्या भागात येतो, म्हणजे १८७१ अधिक ७८, साल १९४९. गुरुजी कागदापेक्षा जवळजवळ दहा महिन्यांनी मोठे निघाले.

मग छापायचे काय? माझे मत असे की सेवेच्या तारखा छापणार असाल तर जन्मतारखेला हात लावू नये, नाहीतर दोन्ही जुळत नाहीत. जन्मतारीख मुळीच न देता ‘अमृतमहोत्सवानिमित्त’ म्हटले तरी मानपत्राचे काहीच कमी होत नाही. कुटुंबाला खरी तिथी हवी असेल तर तिथी आणि शक छापावे, पण मग ‘१ जून’ कुठेही येता कामा नये.

‘७५ व्या वर्षात पदार्पण’ म्हणजे ७४ पूर्ण. १ जून १९५० धरली तरी १ जून २०२५ ला गुरुजींची ७५ वर्षे पूर्ण होतात आणि ते ७६ व्या वर्षात पाऊल टाकतात. या वाक्यात फार लोक चुकतात. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा असेल तर तो साधारण ८० वर्षे १० महिन्यांच्या सुमारास येतो, कारण वर्षाला सरासरी १२.३७ पौर्णिमा पडतात. तिथे ‘८० वा वाढदिवस’ लिहिलेले असेल तर कुटुंब नेमके काय साजरे करते आहे ते विचारावे.

आता सेवा. जून १९७३ ते मे २००८ ही ३५ वर्षे झाली, चाळीस नव्हेत. ‘चाळीस वर्षे’ भाषणात गोल करून कोणीतरी बोललेले असते आणि ते मसुद्यात येऊन बसते. निवृत्तीचा दिवसही बघा. गुरुजींच्या वेळी कर्नाटकात निवृत्तीचे वय ५८ होते, २००८ मध्येच पुढे ते ६० झाले. सरकारी नोकर महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो आणि ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असते तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून १ जूनवाला माणूस ३१ मे रोजी निवृत्त होतो. मसुद्यातली ‘१ जून २००८’ अशीच, वाढदिवस आणि निवृत्ती एक समजून आलेली आहे. निवृत्तीच्या आदेशावर ३१ मे सापडेल.

वार छापायचा असेल तर तोही मोबाइलच्या कॅलेंडरवर त्या सालात जाऊन बघावा. पुण्यस्मरणाच्या पत्रिकेत तर तिथी आणि तारीख दोन्ही वेगळ्या तपासाव्या लागतात. तिथी एरवी मागच्या वर्षीपेक्षा साधारण अकरा दिवस आधी येते आणि मध्ये अधिक महिना आला की साधारण एकोणीस दिवस उशिरा, म्हणून मागच्या वर्षीची तारीख तशीच पुढे नेऊ नये.

त्या वेळी त्या जागेचे नाव काय होते

मसुद्यात ‘बेळगावी जिल्ह्यातील चंदगड’ वाचून पहिल्याच वाचनात कोणीतरी म्हणणार, अहो, चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात आहे. आज आहे. १९५० साली ते बेळगाव जिल्ह्यात होते आणि आपला सगळा भाग मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापूरला जोडले गेले. तेव्हा मूळ विधान बरोबर आहे, पण उलगडून लिहिले नाही तर ते चुकीचे वाटते, आणि कोणीतरी उत्साहाने दुरुस्त करून ते खरोखरच चुकवून ठेवतो.

‘कर्नाटक शासनाच्या सेवेत’ मात्र चूकच आहे. राज्याला कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ ला मिळाले. जून १९७३ ची नेमणूक म्हैसूर राज्याची, आणि नेमणुकीच्या आदेशावर तसेच छापलेले असते. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चे, तेव्हा १९७२ ची पदवी तिथली असू शकत नाही. त्या काळात बेळगावची महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. पदवीचा कागद काढला की हे एका नजरेत दिसते. शालान्त परीक्षेबाबतही लक्ष ठेवावे. इकडे शिकला असेल तर एसएसएलसी, चंदगडला शिकला असेल तर एसएससी.

शहराच्या नावाबद्दल माझी पद्धत अशी: मराठी मजकुरात ‘बेळगाव’ लिहावे. संस्थेचे अधिकृत नाव उद्धृत करताना तिच्या लेटरहेडवर असेल तसे घ्यावे. सरकारी पातळीवर ‘बेळगावी’ हे रूप १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे आहे, त्यामुळे १९५० किंवा १९७३ च्या घटनेत ते घालू नये.

मानपत्रात हटकून चुकणारे शब्द

मानपत्राची भाषा ठरावीक असते, म्हणून तिच्या चुकाही ठरावीक असतात. ‘आर्शिवाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’, रफार व-वर. ‘सहस्त्र’ नव्हे, ‘सहस्र’. ‘उज्वल’ नव्हे, ‘उज्ज्वल’. ‘श्रध्दांजली’ नव्हे, ‘श्रद्धांजली’, द आधी आणि ध नंतर. ‘गुरू’, ‘कवी’, ‘कीर्ती’ एकटे आले की शेवटचे अक्षर दीर्घ, पण समासात पुढे शब्द जोडला की ऱ्हस्व: गुरुजी, गुरुवर्य, कविवर्य, कीर्तिमान. एवढे सहा-सात शब्द मसुद्यात एकेक करून शोधले तरी निम्मे काम होते.

प्रेसमध्ये काय बिघडते

मजकूर व्हॉट्सॲपवर बरोबर होता आणि फ्रेमवर चुकला, असे नेहमी होते आणि त्याला कारण आहे. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो. पुष्कळ डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टमध्ये काम करतात, त्यामुळे मजकूर फॉन्टांतर करून घ्यावा लागतो किंवा सरळ पुन्हा टाइप होतो. फॉन्टांतरात जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हलतात. द्ध, ट्ट, ज्ञ, ऱ्या, ळ्ळ आणि ॲ ही अक्षरे पहिल्यांदा बघावीत. येळ्ळूर, चन्नम्मा, पट्टणशेट्टी असल्या नावांत बिघाड लगेच दिसतो.

म्हणून शेवटची तपासणी छापील प्रुफावरच व्हावी. डिझाइनचा फोटो मोबाइलवर बघून ‘ओके’ कळवू नये. साध्या ए-फोर कागदावर काळी-पांढरी प्रत काढायला सांगावे, सोनेरी नक्षी आणि रंगीत पार्श्वभूमी नको. वाचायला दोघे बसावे: एकाने माहितीचा कागद हातात धरून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल फिरवावी, आणि हा दुसरा माणूस मसुदा लिहिणारा नसावा. त्यानंतर एकदा शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे वाचावे. अर्थाचा ओघ तुटला की अक्षरे दिसू लागतात. शीर्षक, संस्थेचे नाव आणि खालची सह्यांची नावे मुद्दाम पुन्हा बघावीत. सगळ्यांत मोठ्या अक्षरातली चूकच सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

दुरुस्त्या फोनवर तोंडी सांगू नयेत. प्रुफावर लिहून, सगळ्या एकदम, एकाच माणसाने द्याव्यात. दुसरे प्रूफ आले की दुरुस्त शब्दाबरोबर ती पूर्ण ओळ आणि तिच्या खालची-वरची ओळही वाचावी, कारण शब्द बदलताना शेजारचे अक्षर उडते. दोन नातेवाईक आणि एक सेक्रेटरी असे तिघे वेगवेगळे ऑपरेटरला बदल सांगू लागले की आधी बरोबर झालेला शब्द परत बिघडतो.

आपला मसुदा तपासून असा झाला:

«निवृत्त मुख्याध्यापक श्री. परशराम गुरुजी मूळचे चंदगड तालुक्यातले. त्यांच्या जन्माच्या वेळी हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून १९७२ साली बी. ए. होऊन ते जून १९७३ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिक्षण खात्यात रुजू झाले आणि ३५ वर्षांच्या सेवेनंतर ३१ मे २००८ रोजी निवृत्त झाले. त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त हे मानपत्र सादर करताना आम्हांस अत्यंत आनंद होत आहे. त्यांचे आशीर्वाद आम्हांस सदैव लाभोत.»

मंचावर वाचायची प्रत वेगळी

फ्रेम हातात धरून वाचू नये. काचेवर उजेड पडतो आणि नक्षीदार अक्षर वाचताना माणूस अडखळतो. वाचनासाठी मोठ्या अक्षरात वेगळी प्रत काढावी आणि तिच्यात सगळे संक्षेप फोडून लिहावेत. ‘ह. भ. प.’ असेल तिथे ‘हरिभक्तपरायण’, १९७३ असेल तिथे ‘एकोणीसशे त्र्याहत्तर’. त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशी घाईत अदलाबदल होतात, अक्षरांत लिहिले की होत नाहीत. ज्या नावाचा उच्चार अवघड आहे ते वाचणाऱ्याने त्या घरच्या माणसाकडून आधी ऐकून घ्यावे आणि दोनदा म्हणून बघावे. कन्नड पाहुण्यांच्या आडनावांसाठी हे खास करावे. फ्रेममध्ये दुरुस्ती झाली की ती या प्रतीतही करायला विसरू नये. नाहीतर वाचले एक आणि दिले दुसरे असे होते.

फ्रेम तयार झाल्यावर चूक दिसलीच तर वर पांढरा रंग लावू नका किंवा कागदाचा तुकडा चिकटवू नका. मंचावर दुरुस्त प्रतीवरून वाचावे, फ्रेम देऊन टाकावी आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगावे की आतला कागद बदलून देतो. फ्रेमवाला मागची पाठ उघडून नवा कागद घालून देतो, काचही बदलावी लागत नाही. माहितीचा कागद आणि शेवटचे प्रूफ संस्थेच्या फाइलमध्ये ठेवावे. पुढे स्मरणिका निघाली किंवा त्याच माणसावर पुन्हा कोणाला लिहायचे झाले तर सगळी चौकशी नव्याने करावी लागत नाही.